पाटीवरचे शून्य आणि मीटरवरचे शून्य

संस्थांच्या वार्षिक अहवालांत अलीकडे एक नवे छायाचित्र दिसू लागले आहे. पूर्वी अध्यक्षांच्या हस्ते दीपप्रज्वलन होत असे. आता गच्चीवरील सौर पटलांसमोर संचालक मंडळ उभे असते आणि खाली ओळ असते की संस्थेने ‘शून्य ऊर्जे’च्या दिशेने पाऊल टाकले आहे. हे पाऊल स्वागतार्हच आहे. मात्र ते किती लांबीचे आहे, हे त्या छायाचित्रावरून कळत नाही. ते कळण्यासाठी त्या इमारतीला वर्षाकाठी किती वीज लागते आणि त्या मानाने गच्ची किती देऊ शकते, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडावे लागतात. बहुतेक अहवालांत पहिला आकडा नसतोच.

हा पहिला आकडा काढण्याची रीत देशात नवी नाही. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने, म्हणजे बीईईने, २००९ साली कार्यालयीन इमारतींसाठी तारांकन योजना सुरू केली. तिचा पाया एका साध्या भागाकारावर उभा आहे. इमारतीने वर्षभरात वापरलेली विजेची युनिटे भागिले तिचे बांधीव क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये. येणाऱ्या भागाकाराला ऊर्जा कामगिरी निर्देशांक किंवा तंत्रज्ञांच्या भाषेत ईपीआय म्हणतात. मुंबई-ठाण्यासारख्या उष्ण-दमट हवामानात, निम्म्याहून अधिक भाग वातानुकूलित असलेल्या इमारतीचा हा निर्देशांक १७५ ते २०० च्या दरम्यान असेल, तर तिला एक तारा मिळतो. पुढे प्रत्येक पंचवीस युनिटांच्या बचतीला एक तारा वाढत जातो आणि शंभरच्या खाली उतरल्यावर पाचवा तारा पदरात पडतो. उष्ण-कोरड्या आणि संमिश्र हवामानासाठी या पायऱ्या वेगळ्या आहेत. या पाच ताऱ्यांच्याही पलीकडे ब्युरोने ‘शून्य’ ही श्रेणी निर्माण केली आहे. ज्या इमारतीचा निर्देशांक शून्य ते दहाच्या दरम्यान आहे तिला ‘शून्य’, आणि जी वापरते त्याहून अधिक वीज निर्माण करते तिला ‘शून्य प्लस’.

भागाकार शाळकरी मुलालाही येतो. अडचण भागाकारात नसून भाज्य आणि भाजक प्रामाणिकपणे निवडण्यात आहे.

एका इमारतीचा हिशेब

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एका कल्पित सहकारी बँकेचे ठाण्यातील मुख्य कार्यालय डोळ्यांपुढे आणावे. तळमजला धरून पाच मजले, प्रत्येक मजला एक हजार चौरस मीटरचा; म्हणजे एकूण क्षेत्र ५,००० चौरस मीटर. खाली तळघरात आणखी एक हजार चौरस मीटरचे वाहनतळ. महावितरणकडून वर्षाला ७,८०,००० युनिटे घेतली जातात आणि वीज गेली की चालणाऱ्या डिझेल जनित्रातून २०,००० युनिटे मिळतात. एकूण आठ लाख. त्याला ५,००० ने भागले की निर्देशांक येतो १६०, म्हणजे दोन तारे.

आता हिशेब करणाऱ्याने बांधकामाच्या नकाशातील एकूण क्षेत्रफळ उचलले आणि वाहनतळासह ६,००० ने भागले, तर निर्देशांक १३३ होतो आणि इमारत बसल्या जागी तीन ताऱ्यांची ठरते. एकही दिवा न विझवता मिळालेला हा तारा आहे. ब्युरोच्या रीतीने वाहनतळ या क्षेत्रात धरायचे नसते, ते याचसाठी. तिथे माणूस बसत नाही, वातानुकूलनही नसते, आणि असे स्वस्त क्षेत्रफळ मिसळले की महागड्या क्षेत्रफळाचा दोष पातळ होतो.

भाज्यातही अशीच फसगत होते. महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांची देयके १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएच या एककात आकारली जातात. देयकावर हा आकडा ठळक असतो. निर्देशांकासाठी लागतो तो मात्र किलोवॅट-तासांचा, म्हणजेच साध्या युनिटांचा. इमारतीचा पॉवर फॅक्टर ०.९ असेल, तर चुकीचा आकडा उचलल्याने वापर अकरा टक्क्यांनी फुगलेला दिसतो. पुढच्या वर्षी दुसऱ्या कारकुनाने बरोबर आकडा उचलला, की काहीही न करता ‘बचत’ झाल्याचा आनंद होतो. तिसरी चूक वर्षाच्या निवडीची. तुलनेसाठी २०२०-२१ हे टाळेबंदीचे वर्ष पायाभूत धरले, तर रिकाम्या खुर्च्यांचा निर्देशांक आदर्श म्हणून भिंतीवर लागतो आणि त्यानंतरचे प्रत्येक वर्ष अपयशाचे ठरते.

तुलना कोणाशी करायची, हाही प्रश्न आहेच. दिवसपाळीत चालणारी बँक आणि चोवीस तास चालणारे कॉल सेंटर यांना एकाच फुटपट्टीने मोजणे अन्यायाचे होईल. म्हणूनच ब्युरोने बीपीओ इमारतींसाठी वार्षिक निर्देशांकाऐवजी दर तासाला दर चौरस मीटरमागे होणारा वापर ही वेगळी मोजपट्टी ठेवली. बँकेने स्वतःची तुलना आपल्याच हवामानातील, आपल्याच वेळापत्रकाच्या कार्यालयाशी करावी. आणि त्याहून उपयुक्त तुलना म्हणजे स्वतःच्याच गेल्या वर्षाशी.

पहिला टप्पा रात्रीचा

हाती १६० हा आकडा आला. त्याचे पुढे काय? प्रथेप्रमाणे इथे सौर पटलांच्या निविदा निघतात. वास्तविक पहिला टप्पा एका वहीचा आणि पेन्सिलीचा आहे. रात्री नऊ वाजता, सर्व कर्मचारी घरी गेल्यावर, मुख्य मीटरचे वाचन घ्यावे. सकाळी सात वाजता, कोणी येण्यापूर्वी, पुन्हा घ्यावे. समजा, या दहा तासांत ४०० युनिटे खर्च झाली. म्हणजे झोपलेली इमारत ताशी ४० युनिटे खात होती. सर्व्हर खोली आणि तिचे वातानुकूलन यांना नऊ-दहा युनिटे लागतील. वॉचमनचे दिवे, पंप, एटीएम यांना पाचएक. उरलेली पंचवीस कुठे गेली?

शोधायला निघाले की ती सापडतात. तिसऱ्या मजल्यावरील हवा फिरवणारे यंत्र बंद करण्याची जबाबदारी कोणाचीच नसते, म्हणून ते चालू राहते. एका संचालकांच्या दालनातील एसी ‘सकाळी गार असावे’ म्हणून रात्रभर चालतो. पाण्याचे कूलर, झेरॉक्स यंत्रे, न विझवलेले संगणक यांची भर पडते. कामाचे २९० दिवस आणि रोजचे दहा तास वगळले, तर वर्षात ५,८६० तास इमारत रिकामी असते. त्या तासांना पंचवीसने गुणले की जवळजवळ दीड लाख युनिटे होतात; एकूण वापराच्या अठरा टक्के! यातील सगळी वाचणार नाहीत, पण लाखभर युनिटे वेळापत्रक, टायमर आणि मजलानिहाय एका जबाबदार व्यक्तीच्या नेमणुकीने निश्चित वाचतात. निर्देशांक १६० वरून १४० वर येतो. खर्च नगण्य, म्हणूनच कदाचित त्याचे उद्घाटन होत नाही.

क्रमाचे महत्त्व

दुसरा टप्पा मागणी कमी करण्याचा. जुन्या नळ्यांच्या जागी एलईडी दिवे आणि खिडकीलगतच्या रांगेला वेगळे बटण, जेणेकरून भरदुपारी त्या जळणार नाहीत. पश्चिमेच्या काचेला बाहेरून छज्जा किंवा जाळी. इथे ‘बाहेरून’ हा शब्द महत्त्वाचा आहे; आत लावलेला पडदा डोळ्यांवरची तिरीप थांबवतो, परंतु तोवर उष्णता काच ओलांडून आत आलेली असते आणि ती बाहेर काढण्याचे काम एसीलाच करावे लागते. गच्चीला पांढरा परावर्तक थर. आणि एसीचे तापमान. ब्युरोच्या सांगण्यानुसार नियोजित तापमान एका अंशाने वाढवले, की एसीच्या विजेत सुमारे सहा टक्के बचत होते. बावीसऐवजी पंचवीस आणि त्याच्या जोडीला हळू फिरणारा पंखा, ही जोडी माणसाला तेवढाच गारवा देते. या साऱ्यातून दीड लाख युनिटे कमी झाली, तर वापर साडेपाच लाखांवर आणि निर्देशांक ११० वर येतो. चार तारे.

तिसरा टप्पा यंत्रसामग्री बदलण्याचा, आणि इथेच बहुतेक संस्था क्रम चुकवतात. या बँकेत आज दीडशे टनांचे वातानुकूलन आहे असे धरू. ते जुने झाले म्हणून पुरवठादाराला बोलावले, तर तो जुन्या यंत्रावरची पाटी वाचून दीडशे टनांचाच प्रस्ताव देईल. त्याला दोष देता येत नाही. परंतु दुसरा टप्पा आधी पार पडला असेल, तर दिव्यांची आणि काचेतून येणारी उष्णता घटलेली असते आणि एकशेदहा टन पुरेसे ठरतात. चाळीस टनांचे पैसे वाचतात. शिवाय ठाण्यासारख्या दमट शहरात गरजेपेक्षा मोठे यंत्र नुसते महाग नसते. ते खोली झटपट गार करून थांबते, आणि हवेतील ओलावा काढण्यासाठी जितका वेळ चालायला हवे तितके चालतच नाही. मग खोली गार असूनही चिकट वाटते, कर्मचारी तापमान आणखी खाली आणतात, आणि वाचवलेली वीज परत जाते. नवे यंत्र योग्य मापाचे असेल, तर आणखी लाखभर युनिटे कमी होऊन वापर साडेचार लाखांवर आणि निर्देशांक नव्वदवर येतो. पाचवा तारा इथे मिळतो, आणि गच्चीवर अजून एकही पटल चढलेले नाही.

गच्ची किती देते?

आता चौथा टप्पा, गच्चीचा. गच्ची एक हजार चौरस मीटर. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, एसीची बाहेरील यंत्रे, शेजारच्या इमारतीची सावली आणि चालण्याच्या वाटा वजा जाता सहाशे चौरस मीटर उरतात. दुरुस्तीची वाट आणि दोन रांगांमधील अंतर धरून एका किलोवॅटला साधारण दहा चौरस मीटर लागतात. म्हणजे साठ किलोवॅट. महाराष्ट्रात एक किलोवॅट पटल वर्षाला सुमारे १,४०० युनिटे देते. गुणाकार केला, तर ८४,००० युनिटे.

हा आकडा शांतपणे पाहण्यासारखा आहे. पाच हजार चौरस मीटरवर तो पसरला, की दर चौरस मीटरला जेमतेम सतरा युनिटे येतात. याच हिशेबाने दोन मजली इमारतीची गच्ची बेचाळीस युनिटे देईल आणि दहा मजली इमारतीची आठ. गच्ची एकच असते, मजले वाढत जातात. त्यामुळे आपल्या गच्चीवरून शून्य गाठता येईल की नाही, याचा निर्णय पटलांच्या कंपनीपेक्षा वास्तुविशारदाने मजल्यांची संख्या ठरवली तेव्हाच बव्हंशी झालेला असतो.

हे बंधन झुगारून देणारे उदाहरण दिल्लीत आहे. जोरबागेतील इंदिरा पर्यावरण भवन ही पर्यावरण मंत्रालयाची इमारत २०१४ साली वापरात आली. तिच्यावर ९३० किलोवॅटची पटले आहेत, आणि ती गच्चीच्या कडांपुरती न थांबता बाहेर छत्रासारखी पसरलेली आहेत. मात्र खरे रहस्य त्या छत्रात नाही. ही इमारत वर्षाला दर चौरस मीटरला चव्वेचाळीस युनिटांच्या आसपास वीज लागेल अशीच आखली गेली. दिशा, अंतर्गत चौक, नैसर्गिक प्रकाश, थंड पाण्याच्या नळ्यांनी गारवा देणारी छतातील योजना आणि उष्णता जमिनीत सोडण्याची व्यवस्था यांतून ती मागणी आधी खाली आणली, आणि उरलेली भागवण्यासाठी पटले मांडली. हीच पटले १६० निर्देशांकाच्या इमारतीवर ठेवली असती, तर जेमतेम चौथ्या भागाची गरज भागली असती.

ठाण्यातील बँकेला असे छत्र नंतर उभारता येईल. टाक्यांच्या वरून लोखंडी सांगाडा चढवला, तर क्षमता कदाचित दुप्पट होईल, अर्थात वाऱ्याचा भार आणि जुन्या खांबांची ताकद तपासल्यानंतरच. तरीही शून्य दूर राहील. साठ किलोवॅटपुरते बोलायचे, तर उरलेल्या ३,६६,००० युनिटांसाठी पाचवा टप्पा लागतो तो इमारतीबाहेरच्या विजेचा. केंद्राच्या २०२२ च्या हरित मुक्त प्रवेश नियमांनी यासाठीची मर्यादा एक मेगावॅटवरून शंभर किलोवॅटवर आणली. त्यामुळे अशा मध्यम इमारतीलाही दूरच्या सौर प्रकल्पातून वीज घेण्याचा मार्ग खुला झाला आहे. त्यासाठी सुमारे २६० किलोवॅटचा वाटा पुरेल. पहिले तीन टप्पे वगळून थेट इथे उडी घेतली असती, तर हाच वाटा ५१० किलोवॅटचा लागला असता. सभासदांच्या पैशांतून विकत घेतलेली निम्मी क्षमता टाळता येण्याजोग्या वापराला पुरवण्यात गेली असती.

दोन आकड्यांची गरज

यावर एक रास्त आक्षेप येईल. गच्चीची क्षमता ठरलेलीच आहे, पटले आज बसवली काय आणि तीन वर्षांनी बसवली काय, वीज तेवढीच मिळणार. मग विलंब कशाला? हा युक्तिवाद चुकीचा नाही. गच्चीपुरते बोलायचे तर पटले आधी बसवण्याने विजेचे नुकसान काहीच होत नाही. नुकसान होते ते लक्षाचे. देयक दहा टक्क्यांनी घटले, की तो विषय संचालक मंडळाच्या पत्रिकेवरून उतरतो, आणि रात्रीचे वाचन घेण्याची निकड कोणालाच वाटत नाही. तारांकनाच्या हिशेबात इमारतीतच तयार झालेली सौर वीज वापरात धरली जात नाही. त्यामुळे उधळपट्टी तशीच ठेवूनही निर्देशांक खाली येतो. इमारत सुधारल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात फक्त पुरवठादार बदललेला असतो.

यावरचा उपाय साधा आहे. प्रत्येक इमारतीने दोन निर्देशांक ठेवावेत. एक वापराचा: बाहेरून घेतलेली वीज, जनित्राची वीज आणि सौर विजेतील जाळ्यात परत न गेलेला भाग, या तिन्हींची बेरीज. दुसरा निव्वळ: त्यातून सौर वीज वजा करून. पहिला आकडा इमारतीची शिस्त दाखवतो, दुसरा तिची तजवीज. दोन्ही दर महिन्याला, त्या महिन्यापर्यंतच्या बारा महिन्यांची बेरीज घेऊन काढावेत. म्हणजे मे महिन्याचा उकाडा आणि जानेवारीचा गारवा एकमेकांना खोटे पाडत नाहीत. हा आकडा सलग तीन महिने चढत गेला, तर कुठेतरी टायमर बिघडलेला आहे किंवा कोणीतरी तो काढून टाकलेला आहे, हे देयक येण्याची वाट न पाहता कळते.

‘निव्वळ शून्य’ या शब्दाची मर्यादाही अहवालात लिहिली गेली पाहिजे. हे शून्य वर्षाअखेरच्या बेरजेचे आहे. रविवारी कार्यालय बंद असताना पटले वीज जाळ्यात सोडतात, आणि रात्री सर्व्हर तीच परत मागतो; मात्र परत येणारी ती वीज बहुतांशी कोळशाची असते. जुलैत कोकणपट्टीवरील ढगांमुळे निर्मिती मे महिन्याच्या जवळजवळ निम्म्यावर येते. त्या महिन्यांत इमारत शून्याच्या बरीच वर असते आणि उन्हाळ्यातील शिलकीवर वर्षाचा ताळेबंद जुळतो. जनित्राचे डिझेल तर कुठल्याच बेरजेने मिटत नाही. यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र लपवण्यासारखेही काही नसावे.

बँकेचे सभासद दरवर्षी सर्वसाधारण सभेत नफा, थकबाकी आणि लाभांश यांवर प्रश्न विचारतात. त्यांनी यंदा आणखी एक प्रश्न विचारावा: आपल्या मुख्य कार्यालयाचा वापर निर्देशांक गेल्या वर्षी किती होता आणि या वर्षी किती आहे? गच्चीवरील छायाचित्राला टाळ्या त्या उत्तरानंतर द्याव्यात. उत्तर देता आले नाही, तर पटले कितीही चमकत असोत, शून्याकडचा प्रवास अद्याप सुरू झालेला नाही असे खुशाल समजावे.